एक लाख आकड्यांची बेरीज

एक लाख आकड्यांची यादी आहे. कुठल्याही दोन जागांमधली बेरीज हवी आणि आकडे मधूनमधून बदलतात. वर्गमूळ पद्धतीत ३१६-३१६ आकड्यांचे गट पाडून प्रत्येकाची बेरीज साठवतात. मधले पूर्ण गट थेट घ्यायचे, टोकांचे सुटे आकडे मोजायचे. एका प्रश्नाला फार तर हजारभर बेरजा लागतात.

सेगमेंट ट्रीमध्ये सत्तरच्या आत काम होते, पण झाडाची बांधणी आणि रिकर्शन नीट लिहावे लागते. गटांचा कोड वीसेक ओळींत बसतो. चूक होते ती दोन्ही टोके एकाच गटात आल्यावर: आकडे दोनदा मोजले जातात. म्हणून ती स्थिती आधी तपासावी. लाखभर प्रश्नांपर्यंत मी गटच निवडेन; दहा लाखांना झाडच हवे.