आचाऱ्याची चोरटी चोपडी

चाच्यांच्या जहाजावरचा आचारी. जेवणं उरकली, भांडी घासून झाली, की तो पिठाच्या पिंपामागून एक चोपडी काढतो आणि लुटीत कोणाला किती मिळालं ते गुपचूप टिपतो. साहसकथेला एवढं पुरे आहे. ‘ट्रेझर आयलंड’मधला लाँग जॉन सिल्व्हर जहाजावर आचारी म्हणून चढतो, पण पूर्वी तो फ्लिंट नावाच्या चाच्याचा क्वार्टरमास्टर होता. स्टीव्हन्सनने पळी आणि हिशेब एकाच माणसाच्या हाती दिले. खऱ्या जहाजांवर हे जमलं असतं का?

खरा हिशेब क्वार्टरमास्टरकडे असे. त्याला कोठावळा आणि खजिनदार एकत्र समजा. कप्तानाला वचक बसावा म्हणून खलाशीच त्याला निवडत. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावर लेखी कलमं होती. कप्तान आणि क्वार्टरमास्टरला प्रत्येकी दोन वाटे, मास्टर, बोसन आणि तोफांचा प्रमुख यांना दीड, बाकी अधिकाऱ्यांना सव्वा आणि साध्या खलाशाला एक. ताजं अन्न आणि दारू मात्र सगळ्यांना सारखी. टंचाई आली तर कपात मत घेऊन ठरायची. सामायिक लुटीतलं एक डॉलरभर जरी कोणी दाबलं, तरी त्याला निर्जन किनाऱ्यावर सोडून देत.

आता खोटा हिशेब कसा पकडायचा? समजा जहाजावर पन्नास माणसं आहेत. कप्तान आणि क्वार्टरमास्टरचे मिळून चार वाटे, दीडवाल्या तिघांचे साडेचार, सव्वावाले चार धरले तर त्यांचे पाच आणि उरलेल्या एक्केचाळीस जणांचे एक्केचाळीस. एकूण साडेचोपन्न. लूट ५,४५० चांदीच्या नाण्यांची असेल तर वाट्याला बरोबर शंभर पडतात. लबाड क्वार्टरमास्टरने यादीत तीन बनावट नावं घुसडली की वाटे साडेसत्तावन्न होतात आणि प्रत्येकी पंच्याण्णवच्या आत येतात. पाच नाणी कमी मिळाली म्हणून कोणी भांडणार नाही. तिकडे क्वार्टरमास्टरच्या खिशात मात्र २८४ नाणी जातात. आचाऱ्याला हे न शिकता कळतं, कारण त्याने पन्नास पानं वाढलेली असतात आणि वाटे घेतात त्रेपन्न जण. तोंडं मोजणारा माणूस जहाजावर तो एकटाच. खारवलेलं मांस आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायचं, तर किती तुकडे घालायचे हे त्याला माणसं मोजूनच ठरवावं लागतं.

मग चोपडी चोरून का? क्वार्टरमास्टरची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती कोर्टाची. तिथे चाचा ठरवताना ‘वाटा घेतला का?’ हा प्रश्न फार जड असे. जबरदस्तीने नेलेला माणूस सुटू शके. स्वखुशीने वाटा घेणारा सहसा सुटत नसे. १७२२ साली रॉबर्ट्सच्या माणसांवर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, केप कोस्टच्या किल्ल्यात खटला चालला आणि बावन्न जणांना फाशी झाली. म्हणजे आचाऱ्याची वही दोस्तांशी इमान राखून लिहिलेली असली, तरी शत्रूच्या हाती पडली की तीच सगळ्यांच्या गळ्यातला फास. इमानदार आचाऱ्याने ती मुदपाकातल्या चुलीत टाकावी हे उत्तम. पण मग आपला वाटा सिद्ध कसा करणार? कथेतली खरी ओढाताण इथे आहे.

एक खरा आचारी या पेचाच्या जवळ आला होता. विल्यम किडचं ‘ॲडव्हेंचर गॅली’ १६९७ च्या सप्टेंबरात लाकूड-पाण्यासाठी कारवारला आलं. पुढे ३० जानेवारी १६९८ रोजी किडने कोचीनजवळ ‘क्वेडा मर्चंट’ पकडलं. त्यात रेशीम, मलमल, साखर, अफू असा माल होता. मादागास्करला वाटणी झाली. एकूण १६० वाटे, त्यातले चाळीस एकट्या किडचे! रॉबर्ट्सच्या कलमांशी ताडून पाहा, म्हणजे किडची माणसं का धुसफुसत असतील ते कळेल. या जहाजावर आचारी होता एबेल ओवेन्स आणि त्याच्या हाताखाली शिकाऊ पोरगा रॉबर्ट लॅमली.

१७०१ च्या मे महिन्यात लंडनच्या ओल्ड बेलीत खटला उभा राहिला. वही कुणाचीच लागली नाही. जहाजाचा वैद्य रॉबर्ट ब्रॅडिनहॅम माफीचा साक्षीदार झाला आणि कोणाला वाटा मिळाला ते त्याने तोंडी सांगितलं. पोरांना रोकड अर्धा वाटा आणि माल पुरा वाटा, हेही त्याच्याच साक्षीतलं. लॅमलीने करारपत्र दाखवलं: मी नोकर, मालक सांगेल ते करणारा. तो सुटला. त्याचा मालक, आचारी ओवेन्स, दोषी ठरला. किड २३ मे रोजी वॉपिंगला फासावर गेला. पहिल्या खेपेला दोर तुटला, म्हणून त्याला पुन्हा लटकवलं.