सुई टोचल्यानंतरचे पहिले दोन तास

रुग्णाचे रक्त लागलेली सुई आरोग्य कर्मचाऱ्याला टोचल्यास जखम ताबडतोब साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी. बोट पिळण्याची किंवा स्पिरिट ओतण्याची जुनी सवय मात्र सोडावी, कारण त्याने ऊती दुखावतात आणि संरक्षण वाढत नाही. लगेच वरिष्ठांना कळवावे, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे, म्हणजे विषाणू शरीरात ठाण मांडण्यापूर्वी त्याची वाढ रोखणारी औषधे, शक्यतो 2 तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हावी लागतात.

समजा, रात्रपाळीतील परिचारिकेला एचआयव्हीबाधित रुग्णाच्या शिरेतून काढलेली पोकळ सुई टोचली, तर तिची मूळ स्थिती नोंदवणारी रक्ततपासणी त्याच वेळी करावी, परंतु अहवालासाठी पहिली मात्रा अडवू नये आणि औषधक्रम 28 दिवस पूर्ण करावा. अशा घटनेत एचआयव्ही संसर्गाची शक्यता सुमारे 0.3 टक्के असते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत मात्र लस न घेतलेल्यांमध्ये ती 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणून त्यांना लस आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, शक्यतो 24 तासांत द्यावी लागतात. हिपॅटायटिस सीसाठी अशी प्रतिबंधक मात्रा दिली जात नाही. तेथे पुढील तपासण्या करून संसर्ग आढळल्यास उपचार केले जातात.