आधी गळती, मग मीटर: विक्रीच्या डेकची फेरमांडणी

विक्रीचं प्रेझेंटेशन करायला बसलेला माणूस बहुधा स्वतःपासून सुरुवात करतो. कंपनीची स्थापना, संचालकांचे फोटो, प्रमाणपत्रं, ग्राहकांचे लोगो, मग उत्पादनं. समोर बसलेल्याचा विषय निघेपर्यंत बारावी-तेरावी स्लाइड आलेली असते. आधी समस्या, मग उपाय, मग पुरावा आणि शेवटी मागणी, हा क्रम विक्रीतल्या बहुतेकांनी ऐकलेला असतो. ऐकणाऱ्याला आधी गरज पटली पाहिजे आणि मगच उपाय सांगावा, हे पर्ड्यू विद्यापीठातले ॲलन मन्रो १९३०च्या दशकापासून शिकवत होते. त्यामुळे तत्त्वाबद्दल कुणाचं दुमत नसतं. अडतं ते तयार २२ स्लाइड हातात असताना. त्या फोडून पुन्हा कशा बांधायच्या? हे एका उदाहरणावरून नीट कळेल.

समजा, भोसरीत सात-आठ माणसांची एक कंपनी आहे. कारखान्यातल्या कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनमधली गळती शोधून ती बंद करून देणं आणि लाइनवर मीटर बसवून हवेच्या वापरावर लक्ष ठेवणं, हा तिचा धंदा. ग्राहक आहे चाकणचा, वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. तिथे तीन पाळ्या चालतात आणि ११० किलोवॅटचा एक स्क्रू कॉम्प्रेसर आहे. मीटिंगला तिघे असणार: प्लांट हेड, मेंटेनन्स हेड आणि परचेसचा माणूस.

सगळ्या स्लाइड लहान आकारात छापून, कापून टेबलावर पसरा. प्रत्येकीच्या मागे एकच गोष्ट लिहा: ही स्लाइड ग्राहकाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते? मग ढीग लावा. या डेकमध्ये उपायाच्या ढिगात ११ स्लाइड जातात, पुराव्याच्या ३, समस्येची १ आणि मागणीची १, तीही नुसती किंमत सांगणारी. उरलेल्या ६ कंपनीची ओळख करून देतात. त्या ग्राहकाच्या कोणत्याच प्रश्नाचं उत्तर नाहीत. ढिगांकडे बघताच कळतं की नुसती पानं वरखाली करून हे काम होणार नाही. समस्या मुळात लिहिलेलीच नाही.

जी एक स्लाइड आहे ती म्हणते, ‘कारखान्यांत २० ते ३० टक्के हवा गळतीत वाया जाते.’ देखभाल नीट नसलेल्या कारखान्यांबद्दल हे खरं आहे आणि ऊर्जाबचतीच्या क्षेत्रात हा आकडा सर्रास दिला जातो. पण मेंटेनन्स हेडच्या दृष्टीने तो इतरांच्या कारखान्यांचा आकडा आहे. ‘आमच्याकडे एवढी नाही’ असं तो म्हणाला की बाकीच्या २१ स्लाइड अधांतरी राहतात.

म्हणून समस्येची स्लाइड त्याच्याच कारखान्यातून आली पाहिजे, आणि ती आणता येते. कॉम्प्रेसर लोड-अनलोड पद्धतीचा असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, म्हणजे पुणे पट्ट्यात बहुधा गुरुवारी, सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा. हवा कुणीच वापरत नाही, तरी तो मधूनमधून लोड घेतो, कारण गळालेली हवा त्याला भरून काढावी लागते. घड्याळ लावून दोन वेळा मोजायच्या: लोडवर किती सेकंद आणि अनलोडवर किती. लोडचे सेकंद भागिले दोन्हींची बेरीज, ही झाली गळती. समजा ३० सेकंद लोड आणि ९० सेकंद अनलोड भरले. ३० भागिले १२०, म्हणजे २५ टक्के. हे त्याच्याच माणसाने, त्याच्याच कॉम्प्रेसरवर मोजलेलं असल्यावर स्लाइडवर एवढंच लिहायचं: ‘गुरुवारी कारखाना बंद असताना तुमचा कॉम्प्रेसर पाव वेळ गळतीसाठी चालला.’

अशी मोजणी झाली नसेल, तर माझ्या मते त्या ग्राहकासमोर विक्रीचा डेक काढूच नये. पहिल्या भेटीत मोजणीची परवानगी मागावी आणि उठावं.

आता समस्या आणि उपाय यांचा सांधा बघू. डेक इथेच सर्वांत जास्त वेळा मोडतो आणि तो मोडलेला चटकन दिसत नाही. या कंपनीच्या उपायाचे दोन भाग आहेत. अल्ट्रासॉनिक यंत्राने गळतीच्या जागा शोधून, खुणा करून त्या दुरुस्त करणं हा पहिला. लाइनवर कायमचे मीटर बसवणं हा दुसरा. पहिल्या भागाचं कारण समस्येच्या स्लाइडवर आलेलं आहे. दुसऱ्याचं नाही. परचेसचा माणूस विचारणार, गळती एकदा बंद झाल्यावर मीटर कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण डेकने त्याला अर्धीच समस्या सांगितली आहे. उरलेली अर्धी अशी: गळती परत येते. कपलिंग सैल होतात, होज झिजतात, फिल्टर-रेग्युलेटरचे सांधे हलतात, आणि शॉपफ्लोअरच्या आवाजात ती फुसफुस कुणाला ऐकू येत नाही. हे वाक्य समस्येत आलं की मीटरची जागा आपोआप तयार होते.

फेरमांडणीचं खरं काम हे आहे. उपायातल्या प्रत्येक भागासमोर समस्येतलं एक वाक्य असलं पाहिजे. नसेल, तर ते वाक्य शोधून लिहा, नाहीतर तो भाग काढा. त्या ११ स्लाइडपैकी सेन्सरची अचूकता, डेटा पाठवण्याची पद्धत आणि डॅशबोर्डची सहा चित्रं यांना जोडीदार वाक्य मिळत नाही. ती शेवटच्या स्लाइडनंतर पुरवणीत ठेवावीत. कुणी विचारलंच तर स्लाइड शो चालू असताना त्या स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबला की ती समोर येते. उपाय तीन स्लाइडमध्ये बसतो.

पुराव्याच्या ढिगात लोगोंचं एक पान, एक प्रशंसापत्र आणि बचतीची एक स्लाइड आहे. उपाय ऐकल्यावर मेंटेनन्स हेडच्या मनात तीन शंका असतात. गळती खरंच कमी होते का? झाली तर कमी राहते का? आणि हे करताना माझं उत्पादन थांबणार का? लोगोंच्या पानाकडे यातल्या एकाही शंकेचं उत्तर नाही. उत्तर द्यायचं तर साधारण तेवढ्याच कॉम्प्रेसरच्या, तितक्याच पाळ्यांच्या एका जुन्या ग्राहकाकडची हीच घड्याळाची चाचणी दाखवावी: कामाआधीची, कामानंतरची आणि सहा महिन्यांनंतरची. शेजारी, लाइन किती तास बंद ठेवावी लागली तेही. समस्या ज्या मापाने मोजली त्याच मापाने पुरावा आला की ग्राहकाला मनातल्या मनात कसलंही रूपांतर करावं लागत नाही.

बचतीच्या स्लाइडवर मात्र थांबायला हवं. जुन्या डेकचा हिशोब असा: ११० किलोवॅटचे २५ टक्के म्हणजे २७.५ किलोवॅट, वर्षाचे ७,२०० तास, वीज ८ रुपये युनिट धरली तर जवळजवळ १६ लाख रुपये वाचतील. आकडा डोळ्यांत भरतो, पण मेंटेनन्स हेड तो एका मिनिटात पाडतो. गळती शून्यावर कधीच येत नाही. चांगल्या देखभालीत ती १० टक्क्यांच्या आसपास आणता येते. म्हणजे फरक १५ टक्क्यांचा, १६.५ किलोवॅटचा. दुसरं म्हणजे, ठरावीक वेगाचा कॉम्प्रेसर अनलोडवर गेला तरी बंद पडत नाही, पूर्ण लोडच्या साधारण ३० टक्के वीज खातच राहतो. म्हणून हाती लागते ती फरकाच्या ७० टक्के, सुमारे ११.५ किलोवॅट. वर्षाचे होतात साधारण ६ लाख ६५ हजार रुपये.

हा दुसरा आकडा छापावा, त्याच्या पायऱ्यांसह. तो पहिल्याच्या निम्म्याहून कमी आहे, पण खोलीतल्या सर्वांत जाणत्या माणसाने तपासला तरी टिकतो. मग मेंटेनन्स हेडच प्लांट हेडला ‘हिशोब बरोबर आहे’ असं सांगू शकतो. पुराव्याच्या स्लाइडकडून आपल्याला हवं असतं ते हेच.

मागणी पुराव्याच्या मापाची हवी. एका कारखान्याच्या चाचणीवर अख्ख्या प्लांटचं वार्षिक कंत्राट मागितलं तर मधली उडी फार मोठी होते. त्यापेक्षा असं मागावं: एक कॉम्प्रेसर, एक लाइन, सहा आठवडे, दुरुस्तीसाठी दोन गुरुवार, तुमचा एक फिटर सोबत, रक्कम प्लांट हेड स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शकेल एवढीच. यशाची कसोटीही आधीच लिहून द्यावी: त्याच चाचणीत गळती २५ वरून १२ टक्क्यांच्या खाली. आणि ही स्लाइड शेवटची असावी. तिच्यानंतरचं ‘धन्यवाद’चं पान काढून टाका. चर्चेची वीस मिनिटं जे पान पडद्यावर राहतं त्यावर हात जोडलेलं चित्र असण्यापेक्षा गुरुवारच्या तारखा असाव्यात.

क्रम लागला का, हे तपासायला फक्त शीर्षकं एकाखाली एक लिहून मोठ्याने वाचा. त्यासाठी शीर्षकं पूर्ण वाक्यांत हवीत. ‘आमचा उपाय’ हे शीर्षक काहीच सांगत नाही. दोन शीर्षकांच्या मध्ये ‘म्हणून’, ‘पण’ किंवा ‘कशावरून’ बसत असेल तर सांधा आहे. फक्त ‘आणि’ बसत असेल तर त्या स्लाइडची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही, म्हणजे तिथे क्रम लागलेलाच नाही.

हा क्रम सगळीकडे चालतो असं नाही. टेंडरमध्ये मूल्यमापनाचा तक्ता दिलेला असेल तर तोच क्रम पाळावा. वरिष्ठांकडे दहाच मिनिटं असतील तर मागणी आधी सांगून मग कारणं द्यावीत. ग्राहकाने स्वतः गळती मोजून तुम्हाला बोलावलं असेल तर समस्येला एक वाक्य पुरे.

मीटिंगमधल्या प्रश्नांवरून कोणता सांधा निखळला ते ओळखता येतं. ‘तुम्ही नेमकं करता काय?’ हा प्रश्न आला तर उपाय समस्येला जोडला गेलेला नाही. ‘आमच्याकडे हे चालेल का?’ असं विचारलं तर पुरावा वेगळ्या जातीच्या कारखान्याचा होता. सगळं पटल्यासारखं वाटूनही ‘बघू, कळवतो’ आलं तर मागणी त्यांच्या अधिकाराबाहेरची होती, किंवा कुणी काय करायचं ते तिच्यात लिहिलेलं नव्हतं. ‘या गुरुवारी नको, पुढच्या गुरुवारी जमेल का?’ असं मेंटेनन्स हेडने विचारलं, तर डेक बंद करून डायरी उघडावी.