रेकॉर्डिंग आहे, पण आवाज नाही

ओळखीतले एक कांदा व्यापारी भावताव सगळा फोनवरच करतात. नवा अँड्रॉइड फोन घेतल्यावर त्यांनी प्ले स्टोअरवरून कॉल रेकॉर्डर उतरवला आणि मायक्रोफोनची परवानगीही दिली. चार मिनिटं बोलणं झालं, चार मिनिटांची फाइल तयार झाली. लावली, तर आत चिडीचूप.

ॲप बिघडलेलं नव्हतं. कॉल चालू असताना बाहेरच्या ॲपनं आवाज मागितला, तर अँड्रॉइड त्याला नकार देत नाही, शांतता देतं. ॲप ती शांतताच इमानदारीनं साठवतं, म्हणून फाइलची लांबी बरोबर असते आणि चूक कुठेच दिसत नाही. कॉलचा दोन्ही बाजूंचा आवाज घेण्याची परवानगी वेगळी असते. ती फोनसोबत आलेल्या सिस्टिम ॲपलाच मिळते. सेटिंगमध्ये शोधून ती आपल्याला देता येत नाही. 2018च्या अँड्रॉइड 9पासून हा बंदोबस्त कडक झाला. मग ॲपवाल्यांनी दिव्यांगांसाठी असलेल्या ॲक्सेसिबिलिटी सुविधेतून वाट काढली. मे 2022मध्ये गुगलनं प्ले स्टोअरच्या नियमांत तीही बंद केली.

दोष कुठे आहे ते फाइल ऐकूनच बरंचसं कळतं. आपला आवाज येतो आणि समोरच्याचा येत नाही, तर ॲपला फक्त माइक मिळतोय. अशा वेळी स्पीकर लावून बोललं, की समोरचा आवाज माइकमध्ये शिरतो, जरा लांबून आल्यासारखा. दोन्ही आवाज गायब असतील, तर आधी ॲपची मायक्रोफोन परवानगी बघा. अँड्रॉइड 12 किंवा त्यापुढचा फोन असेल, तर वरून पडदा ओढल्यावर दिसणारं माइक ॲक्सेसचं बटण बंद नाही ना, तेही बघा. दोन्ही ठीक असून फाइल मुकीच राहिली, तर ते ॲप काढून टाका. त्याच्या पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीलाही अँड्रॉइडचा हाच नियम लागू आहे.

खात्रीचा मार्ग म्हणजे फोनसोबत आलेलं कॉलिंग ॲप. गुगलच्या फोन ॲपमध्ये सेटिंग उघडली, की कॉल रेकॉर्डिंग दिसतं. ते मिळेल की नाही हे फोनचं मॉडेल, देश आणि ॲपची आवृत्ती यांवर ठरतं. म्हणूनच परदेशातून आणलेल्या फोनमध्ये कधीकधी हा पर्यायच नसतो. पर्याय असूनही समोरच्यानं फोन उचलेपर्यंत, कॉल होल्डवर किंवा म्यूटवर असताना आणि कॉन्फरन्स कॉलमध्ये रेकॉर्डिंग करता येत नाही. सुरू केलं, की दोघांनाही तशी सूचना ऐकू येते. ही सूचना नको म्हणून लोक दुसरं ॲप शोधतात आणि मुक्या फायली गोळा करतात. मला ती सूचना योग्यच वाटते. आपलं बोलणं साठवलं जातंय हे कळण्याचा हक्क समोरच्यालाही आहे.

महत्त्वाचा व्यवहार फोनवर ठरवणार असाल, तर आधी घरातल्याच दुसऱ्या फोनवर कॉल लावून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि ती फाइल शेवटपर्यंत ऐका.