नावातच शिधा

2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशन दुकानांतून एक संच दिला. त्यात रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होते. किंमत 100 रुपये, नाव ‘आनंदाचा शिधा’. ‘आनंद’ सण सांगतो, पण खरे काम ‘शिधा’ करतो. हा कोरडा, घरी शिजवायचा जिन्नस आहे, हे या शब्दावरून लगेच कळते. त्याच संचाला ‘आनंदाचा फराळ’ म्हटले असते, तर लोकांनी तयार चकली-लाडूची अपेक्षा धरली असती.

बुलढाणा-खामगावच्या किराणा दुकानदारालाही हेच करता येईल. समजा, सुटे घेतल्यास 460 रुपयांचे बेसन, तेल, रवा आणि साखर तो 420 ला देतो. ‘दिवाळी धमाका’ या नावातून काहीच कळत नाही. ‘लाडू-शेव शिधा’ म्हणावे आणि खाली वजनांसह ‘सुटे 460, एकत्र 420’ लिहावे. 460 हा आकडा मात्र दुकानातल्या रोजच्या भावांचाच हवा. फुगवलेली बेरीज गिऱ्हाईक तिथेच पकडते. पाटी वाचूनही कोणी “यात काय काय आहे?” विचारत असेल, तर नाव बदला.