पॅडला शिकवलेल्या आज्ञा

ढोलकी मांडीवर घेतली की वादकाचे दोन्ही हात गुंततात. घरीच ध्वनिमुद्रण करायचे असेल, तर संगणकाच्या पडद्यावरचे बारीकसे बटण माऊसने शोधता शोधता पहिली थाप हुकते. म्हणून पुष्कळ वादक शेजारी मिडी पॅड ठेवतात. रबरी चौकोनांची ही लहानशी पेटी असते. चौकोनावर बोट टेकवले की काम झाले.

परंतु या पेटीतून आवाज निघत नाही, आणि खरे पाहता आज्ञाही निघत नाही. चौकोन दाबताच संगणकाकडे केवळ अंक जातात. एक अंक कोणता स्वर दाबला ते सांगतो, दुसरा किती जोराने दाबला ते सांगतो. १९८३ साली प्रचारात आलेल्या मिडी या संकेतभाषेत हे दोन्ही अंक १२७ च्या पुढे जात नाहीत. समजा, पहिला चौकोन ३६ हा अंक पाठवतो. त्या ३६ चा अर्थ ढोलाचा ठोका घ्यावा की 'वाजव' ही आज्ञा, हे संगणकाला शिकवावे लागते.

बर्लिन शहरातील एबलटन या संस्थेच्या 'लाइव्ह' या ध्वनिमुद्रण-प्रणालीत हे शिक्षण सोपे आहे. प्रथम Settings मधील मिडीच्या पानावर पॅडच्या नावासमोर, Input च्या ओळीत, Remote ची खूण करावी. ही खूण राहिली, तर पॅड ठोकून बोटे दुखली तरी पुढे काही घडत नाही. मग Ctrl+M दाबावे. जोडता येण्याजोगी बटणे निळी दिसू लागतात. त्यांपैकी Play वर टिचकी मारावी आणि पहिला चौकोन दाबावा. लगेच त्या बटणावर 1/C1 अशी अक्षरे उमटतात. लाइव्हमध्ये ३६ या अंकाचे नाव C1 आहे. त्याच रीतीने दुसरा चौकोन ध्वनिमुद्रणाच्या बटणाला व तिसरा Loop ला जोडावा. शेवटी पुन्हा Ctrl+M दाबून बाहेर यावे.

Loop म्हणजे आवर्तन. कोणता भाग फिरवायचा ते पडद्यावर आधी आखून ठेवावे लागते. चार चार मात्रांचे चार खंड आखले, तर तीनतालाचे सोळा मात्रांचे एक आवर्तन बरोबर बसते. तिसरा चौकोन एकदा दाबला की Loop चालू होतो, पुन्हा दाबला की बंद.

येथे नवशिक्या हमखास गोंधळतो. काल ढोलासारखा वाजणारा पहिला चौकोन आज मुका होतो! पॅड बिघडलेला नसतो. आज्ञेला जोडलेला अंक लाइव्ह मध्येच अडवते, वाद्यापर्यंत जाऊ देत नाही. त्यामुळे आज्ञांसाठी कडेचे, वाजवण्यात न लागणारे चौकोन निवडणे बरे. आणखी एक गोष्ट: ही जोडणी त्या गाण्याच्या फाइलीतच साठवली जाते. दुसऱ्या दिवशी नवी फाइल उघडली, की पॅडला काहीच आठवत नाही. जोडणी केलेली रिकामी फाइल नमुना म्हणून जपून ठेवली, तर प्रत्येक नव्या गाण्याची सुरुवात तिच्यापासून करता येते.