एका पत्रिकेतले तीन दाराकारक

मकर संक्रांतीच्या दिवशी सूर्य ज्या क्षणी धनु राशीतून मकर राशीत शिरतो, त्याच्या तासभर आधी एक मूल जन्माला आले आणि तासभर नंतर दुसरे, असे समजा. पहिल्याच्या पत्रिकेत रवी धनु राशीच्या अगदी शेवटी, एकोणतीस अंश ओलांडून बसलेला असतो. दुसऱ्याच्या पत्रिकेत तो मकरेच्या शून्य अंशावर, काही कलांवर असतो. आकाशात सूर्य दोन तासांत जेमतेम पाच कला सरकलेला असतो. पण जैमिनी पद्धतीने पाहणारा ज्योतिषी पहिल्या मुलाचा रवी बहुधा ‘आत्मकारक’ म्हणेल आणि दुसऱ्याचा ‘दाराकारक’. एकाकडे तो स्वतःचा कारक, दुसऱ्याकडे जोडीदाराचा.

महाराष्ट्रात लग्नाची पत्रिका पाहताना सहसा सप्तमस्थान, सप्तमेश आणि शुक्र-गुरू बघतात. पुरुषाच्या पत्रिकेत पत्नीसाठी शुक्र आणि स्त्रीच्या पत्रिकेत पतीसाठी गुरू, हे कारकत्व सर्वांना सारखेच, म्हणून ते स्थिर. जैमिनींच्या नावावरच्या सूत्रांत मात्र कारक माणसागणिक बदलतात, म्हणून ते चर कारक. तुमचा जोडीदार तुमच्या पत्रिकेत शनी दाखवत असेल, तर सख्ख्या भावाच्या पत्रिकेत मंगळ दाखवू शकेल.

पद्धत हाताने करण्याइतकी सोपी आहे. ग्रह कोणत्या राशीत आहे हे बाजूला ठेवायचे आणि त्या राशीत तो किती अंश-कला चालून आला आहे तेवढेच पाहायचे. ज्याचे अंश सर्वांत जास्त तो आत्मकारक. त्यानंतर उतरत्या क्रमाने अमात्य, भ्रातृ, मातृ, पुत्र, ज्ञाती आणि सर्वांत तळाला दारा. वक्री ग्रहाचेही अंश जसे आहेत तसेच धरतात. दोघांचे अंश सारखे निघाले तर कला बघायच्या, कलाही जुळल्या तर विकला.

एक नमुन्याची पत्रिका घेऊ. मेष लग्न. चित्रापक्षीय गणिताने बुध मकरेत २९ अंश १० कला, मंगळही मकरेत पण २२ अंश ६ कला, शुक्र मीनेत १८ अंश ३५ कला, शनी कन्येत १५ अंश ४० कला, रवी कुंभेत ११ अंश २० कला, गुरू मिथुनेत ८ अंश १४ कला आणि चंद्र तुळेत ४ अंश ५२ कला. बुध वर, चंद्र तळाला. म्हणजे बुध आत्मकारक, चंद्र दाराकारक.

आता वाचन. चंद्र सप्तमस्थानीच आहे, तेव्हा ज्योतिषी हरखून जाईल. जोडीदाराचा कारक जोडीदाराच्याच घरात! जोडीदार ममताळू, मनाने हळवा, घर सांभाळणारा, असे तो सांगू लागेल. पण जाणकार तिथे थांबत नाही, तो नवमांश काढतो. राशीचे नऊ भाग करायचे, प्रत्येक ३ अंश २० कलांचा. तूळ ही चर रास, तिचे नवमांश तुळेपासूनच मोजायचे. ४ अंश ५२ कला दुसऱ्या भागात पडतात, म्हणजे वृश्चिक नवमांश, आणि वृश्चिकेत चंद्र नीचीचा. राशिकुंडलीत छान दिसणारा दाराकारक नवमांशात दुबळा निघाला. मग भाकिताचा सूर बदलतो: जोडीदार प्रेमळ, पण मनाने लवकर खचणारा, शंका धरणारा. एकट्या दाराकारकावर बोलू नये, सप्तमेश आणि उपपदही सोबत पाहावे, असे जैमिनी मार्गातले ज्योतिषी सांगतात ते यासाठीच.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. खरी पंचाईत पुढे सुरू होते.

वरच्या यादीत राहू नव्हता. सात ग्रह धरणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष राहूलाही घेऊन आठ कारक करतो आणि मातृकारकाच्या पुढे पितृकारक घालतो. राहू उलटा चालतो, म्हणून त्याचे अंश तीसमधून वजा करायचे. आपल्या पत्रिकेत राहू वृषभेत २६ अंश ३० कलांवर आहे असे धरू. तीसमधून वजा केले की उरतात ३ अंश ३० कला. चंद्राचे ४ अंश ५२ कला, म्हणजे राहू त्याच्याही खाली. चंद्र ज्ञातीकारक झाला आणि दाराकारक झाला राहू. के. एन. राव सात कारकांचे पुरस्कर्ते, तर संजय रथ यांच्या परंपरेत आठ. दोन्हीकडे शिकलेले, अभ्यासू लोक आहेत. एकाच माणसाला एक जण हळव्या जोडीदाराचे वर्णन सांगेल आणि दुसरा परक्या जातीच्या किंवा परदेशी जोडीदाराचे.

त्याहून मोठा गुंता अयनांशाचा. वसंत संपात हळूहळू मागे सरकतो, म्हणून सायन आणि निरयन गणितांत जो फरक पडतो तो अयनांश. तो नेमका किती, यावर एकमत नाही. १९५० च्या दशकात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चित्रापक्षीय मान स्वीकारले आणि लाहिरी अयनांश म्हणून तेच आज बहुतेक ठिकाणी वापरात आहे. बी. व्ही. रामन यांचा अयनांश त्यापेक्षा सुमारे १ अंश २७ कलांनी कमी. महाराष्ट्रातले टिळक पंचांग रैवत पक्षाचे, त्यात फरक चार अंशांच्या आसपास, म्हणून त्याची संक्रांतही सुमारे चार दिवस आधी येते.

अयनांश कमी केला की सगळे ग्रह तेवढे पुढे सरकतात. रामन मानाने आपला चंद्र ६ अंश १९ कलांवर जातो, मंगळ २३ अंश ३३ कलांवर. पण बुध? तो २९ अंश १० कलांवरून रास ओलांडतो आणि कुंभेत ० अंश ३७ कलांवर येऊन बसतो. यादीत सर्वांत वर असलेला ग्रह एका उडीत तळाला. आत्मकारक आता मंगळ, आणि दाराकारक बुध. लाहिरीने ज्याला माणसाच्या आत्म्याचा प्रतिनिधी म्हटले, तोच रामन मानाने त्याचा जोडीदार ठरतो. चंद्र, राहू, बुध: तिघेही आपापल्या नियमाने बिनचूक काढलेले आणि तिघांची भाकिते वेगळी.

पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली तेव्हा हुशार मुले आणि मतिमंद मुले पत्रिकेवरून ओळखायची होती. ज्योतिष्यांचे यश नाणे उडवून मिळाले असते त्याच्या आसपासच राहिले. ती चाचणी लग्नाची नव्हती. तरीही एकाच पत्रिकेतून तीन दाराकारक निघत असतील, तर त्यांतला कोणता बरोबर हे ठरवायला गणितापलीकडचा पुरावा लागतो, आणि तो दाखवण्याची जबाबदारी भाकीत सांगणाऱ्याची आहे. लग्न मोडण्याइतका भार या एका ग्रहावर टाकला जातो तेव्हा तर नक्कीच.

आपल्या पत्रिकेत हा धोका किती, ते घरच्या घरी तपासता येते. ग्रहांचे अंश-कला लिहिलेले पान काढावे. एखादा ग्रह २८ अंशांच्या पुढे असेल किंवा एक-दीड अंशाच्या आत असेल, तर अयनांश बदलताच दाराकारक बदलू शकतो. त्यानंतर तळाच्या दोन ग्रहांतले अंतर बघावे. त्यांतला एक चंद्र असेल तर जन्मवेळही महत्त्वाची, कारण चंद्र तासाला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त चालतो. नमुन्यातला चंद्र गुरूपेक्षा ३ अंश २२ कलांनी खाली आहे, तेव्हा वेळ अर्धा तास चुकली तरी त्याची जागा हलत नाही. हेच अंतर दहा कलांचे असते, तर ‘पहाटे पाचच्या सुमारास’ एवढीच नोंद असलेल्या पत्रिकेतून दाराकारक काढताच येणार नाही, कारण वीस मिनिटांनीही चंद्र आणि गुरू यांची अदलाबदल होईल.